दहा वर्षांत जंगल जवळजवळ नाहीसे? एनडीव्हीआयच्या प्रात्यक्षिकाचे उत्तर पटत नाही

रेखावृत्त (धागाकर्ती)

भूगोलाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हांला दूरसंवेदनाचे एक प्रात्यक्षिक आहे. एकाच परिसराच्या 2014 आणि 2024 सालच्या लँडसॅट 8 प्रतिमा घ्यायच्या, दोन्हींचा एनडीव्हीआय, म्हणजे निकट-अवरक्त आणि तांबड्या बँडची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज हा हिरवाईचा निर्देशांक, काढायचा, त्यावरून भूमी उपयोजनाचे चार वर्ग पाडायचे आणि दहा वर्षांत कोणत्या वर्गाचे किती क्षेत्र बदलले हे हेक्टरमध्ये सांगायचे. माझा परिसर 40 किलोमीटर लांब आणि 30 किलोमीटर रुंद, म्हणजे 1,20,000 हेक्टरांचा आहे. त्यात एक जलाशय, डोंगरउतारावरचे जंगल, बरीच शेती आणि वाढत असलेले एक शहर आहे.

सूचनापत्रकाप्रमाणे शून्याखालचे मूल्य म्हणजे पाणी, 0 ते 0.2 म्हणजे उघडी किंवा बांधकामाखालची जमीन, 0.2 ते 0.5 म्हणजे शेती आणि त्यावरचे सारे जंगल, असे वर्ग पाडले. त्यानुसार 2014 साली पाणी 2,600, उघडी जमीन 21,900, शेती 67,100 आणि जंगल 28,400 हेक्टर आले. 2024 साली तेच आकडे अनुक्रमे 2,900, 59,200, 57,590 आणि 310 असे आहेत.

म्हणजे जंगल 28,400 हेक्टरांवरून 310 हेक्टरांवर आले. मी त्या डोंगराकडे गेल्याच वर्षी जाऊन आले आहे आणि जंगल जागेवर आहे. दोन्ही वर्षी सूत्र तेच वापरले आणि बँडही तपासले: तांबड्यासाठी 4, निकट-अवरक्तासाठी 5. चूक कुठे शोधावी हे सुचत नाही.

बांधावरून

आकडे वाचून सुन्न झालो. अठ्ठावीस हजार हेक्टर जंगल दहा वर्षांत गेले आणि कोणाला पत्ता नाही! आपण हे नकाशे घेऊन वनखात्याकडे लेखी तक्रार करावी, असे मला मनापासून वाटते. मसुदा लिहायला मदत हवी असल्यास कळवा.

रेखावृत्त

आपल्या तळमळीबद्दल आभार, पण माझा प्रश्न नेमका उलटा आहे. जंगल गेलेले नाही, माझा नकाशा चुकलेला आहे. तो का चुकला, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

सावलीतला पिक्सेल

या क्षेत्रात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे एक सवय जडली आहे. बदलाचा नकाशा पाहण्यापूर्वी, जिथे बदल होणे शक्यच नाही अशा जागा मी आधी पाहतो. आपण एवढे करा. जलाशयाच्या मध्यभागी एक बिंदू, उघड्या खडकावर एक आणि ज्या जंगलाची आपल्याला स्वतःला खात्री आहे त्यात एक, असे तीन बिंदू निवडून दोन्ही वर्षांची एनडीव्हीआय मूल्ये इथे द्या. त्यासोबत दोन्ही वर्षांच्या फाइलींची नावेही द्या. नाव छाटू नका, शेवटची अक्षरे महत्त्वाची आहेत.

गुणोत्तर

माझ्या मते हा ऋतूचा फरक असावा, दोन प्रतिमांचे महिने वेगळे असतील. मूल्यांच्या प्रमाणीकरणाचा मात्र इथे संबंध येणार नाही. एनडीव्हीआय हे गुणोत्तर आहे. अंश आणि छेद या दोहोंत तोच गुणक येतो आणि तो कटून जातो, त्यामुळे प्रतिमेतील कच्चे अंक परावर्तनात बदलून न घेता थेट सूत्रात घातले तरी उत्तर तेच मिळते. मी वर्गात असेच शिकवतो आणि आजवर अडचण आलेली नाही.

रेखावृत्त

तीन बिंदूंची मूल्ये देते. जलाशय: 2014 साली −0.33, 2024 साली −0.04. खडक: 0.17 आणि 0.09. जंगल: 0.75 आणि 0.37.

फाइलींच्या नावांत 2014 च्या शेवटी `_01_T1_sr_band5.tif` असे आहे आणि 2024 च्या शेवटी `_02_T1_SR_B5.TIF` असे आहे. 2014 ची प्रतिमा विभागाच्या संगणकावर आधीपासून साठवलेली होती. 2024 ची मी स्वतः उतरवून घेतली.

सावलीतला पिक्सेल

चोर सापडला. तो या दोन नावांतच आहे.

आधी मूल्ये नीट पाहा. जंगल तुटले असते तर जंगलाचे मूल्य उतरले असते, पण पाण्याचे −0.33 वरून −0.04 वर यायला काहीच कारण नव्हते. इथे धन मूल्ये खाली आली आहेत, ऋण मूल्य वर आले आहे आणि तिन्ही शून्याकडे सरकली आहेत. जमिनीवर काही घडले असते तर ते सगळ्या जागी एकाच तऱ्हेने आणि शून्याच्या दिशेने घडले नसते. असे दिसले की छेदात काहीतरी जास्तीचे मिसळले आहे असे समजावे.

ते जास्तीचे काय, ते सांगतो. नावातले `01` आणि `02` हे लँडसॅटच्या साठ्याचे दोन संग्रह आहेत. कलेक्शन 1 मध्ये पृष्ठीय परावर्तन 0.0001 ने गुणले की मिळत असे, त्यापुढे काही करावे लागत नसे. कलेक्शन 2 मध्ये आधी 0.0000275 ने गुणायचे आणि मग 0.2 वजा करायचे. गुणोत्तर यांचे म्हणणे पहिल्या संग्रहाला तंतोतंत लागू पडते, म्हणून त्यांना अडचण आली नसेल. दुसऱ्या संग्रहात मात्र गुणक कटतो आणि वजाबाकी कटत नाही. अंशात एका बँडमधून दुसरा वजा होतो, त्यामुळे तिथे 0.2 आपोआप नाहीसे होते. छेदात बेरीज असल्याने ते दोनदा येते आणि 0.4 जास्तीचे राहते.

आपल्या जंगलाचा बिंदूच सोडवून पाहू. 2024 च्या फाइलीत तिथे तांबड्या बँडचा अंक 9,091 च्या आसपास आणि निकट-अवरक्ताचा 20,000 च्या आसपास असला पाहिजे. कच्च्या अंकांवरून (20,000 − 9,091) भागिले 29,091, म्हणजे 0.375 येते. परावर्तनात बदलून घेतले तर तांबडे 0.05 आणि निकट-अवरक्त 0.35 होते, आणि 0.30 भागिले 0.40 म्हणजे 0.75 येते. 2014 साली तिथे हाच आकडा होता, म्हणजे जंगलाला काहीही झालेले नाही.

कच्च्या अंकांवर 0.5 च्या वर जायचे तर निकट-अवरक्त परावर्तन तांबड्याच्या तिपटीहून आणखी 0.4 ने जास्त लागते. एवढी दाट हिरवाई क्वचितच भेटते. आपले 310 हेक्टर तिथून आले.

क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एका ओळीत हे करता येईल. `B5` आणि `B4` या जागी आपल्या थरांची नावे घाला:

```
("B5@1" - "B4@1") * 0.0000275 /
(("B5@1" + "B4@1") * 0.0000275 - 0.4)
```

2014 ची जुनी फाइल मात्र वापरू नका. तेच दृश्य कलेक्शन 2 मधून पुन्हा उतरवून घ्या. दोन संग्रहांतील प्रतिमा जमिनीवर एकमेकींशी नेमक्या जुळत नाहीत. दुसऱ्या संग्रहात स्थाननिश्चिती सुधारली आहे, आणि काही भागांत तो फरक पिक्सेलभराइतका भरतो. असे झाले की नदीच्या एका काठाला हिरवी आणि दुसऱ्या काठाला तांबडी बारीक रेघ उमटते, जणू नदीच सरकली. अशा जोडरेघा कुठल्याही बदल-नकाशात दिसल्या तर नदीला दोष देऊ नये.

गुणोत्तर

हे मला ठाऊक नव्हते, चूक मान्य करतो. पण मग प्रश्न पडतो की हे 0.2 घातलेच कशाला? परावर्तन तर 0 ते 1 मध्येच असते.

सावलीतला पिक्सेल

प्रत्यक्षात असते, पण गणिताने काढलेले नसते. वातावरणातील विखुरणाचा अंदाज घेऊन तेवढा भाग वजा केला की खोल पाणी आणि गडद सावल्या यांचे परावर्तन कधीकधी शून्याखाली जाते. फाइलीत अंक चिन्हाविना, 16 बिटांचे साठवतात, त्यांत ऋण संख्या मावत नाही. म्हणून सगळे अंक उचलून वर ठेवले आहेत. 7,273 च्या खालचा अंक दिसला तर तो ऋण परावर्तनाचा समजावा.

टेकडीपलीकडे

धाग्यात मध्येच येतो, पण माझे दुखणे याच जातीचे दिसते. मी सेंटिनल-2 उपग्रहांच्या प्रतिमा वापरून एका गवताळ पठाराची 2018 पासूनची मालिका करतो आहे. 2022 च्या जानेवारीपर्यंत पावसानंतरचे शिखर दरवर्षी 0.7 च्या पुढे जात असे. त्यानंतर ते कधी 0.5 च्या फार वर गेलेच नाही. पठारावर चराई वाढली असा निष्कर्ष मी एका अहवालात लिहून बसलो आहे. तिथेही असेच काही आहे का?

सावलीतला पिक्सेल

आहे. 25 जानेवारी 2022 पासून सेंटिनल-2 च्या प्रक्रियेची 04.00 ही आवृत्ती लागू झाली आणि अंकांत 1,000 मिसळले जाऊ लागले. आता 1,000 वजा करून मग 10,000 ने भागावे लागते. वरच्याच जंगलाचे परावर्तन घेतले तर अंक 1,500 आणि 4,500 होतील, आणि वजाबाकी विसरली की 0.75 च्या जागी 0.50 मिळेल. गूगल अर्थ इंजिनवर काम करत असाल तर `COPERNICUS/S2_SR_HARMONIZED` हा संग्रह घ्या, त्यात जुने आणि नवे अंक एका पातळीवर आणलेले आहेत. स्वतः उतरवलेल्या फाइली असतील तर प्रत्येक दृश्याच्या माहितीफाइलीत `BOA_ADD_OFFSET` पाहून मगच हिशेब करावा. अहवालाबद्दल मी काही बोलत नाही. पण मालिका नीट केल्यावरही शिखर थोडे उतरलेले दिसू शकते, म्हणून चराईची शक्यता इथेच पूर्ण खोडू नका.

टेकडीपलीकडे

घसरगुंडीची तारीख अगदी तीच आहे. दुरुस्तीपत्र लिहायला बसतो.

रेखावृत्त

दोन्ही वर्षे कलेक्शन 2 मधून घेऊन वरच्या ओळीने पुन्हा काढली. जंगलाचा बिंदू आता दोन्हीकडे 0.75 च्या जवळ आहे आणि खडकही जुळला. पण नवीच पंचाईत झाली: 2024 च्या थराचे किमान मूल्य −41 आणि कमाल 18 दाखवते आहे आणि सगळा नकाशा एकाच करड्या रंगाचा दिसतो. एनडीव्हीआय −1 ते 1 च्या बाहेर जातोच कसा?

सावलीतला पिक्सेल

ते पिक्सेल कुठे आहेत ते पाहा. जलाशयात किंवा कड्याच्या सावलीत असतील. एक बँड किंचित धन आणि दुसरा किंचित ऋण निघाला की बेरीज शून्याला टेकते, आणि शून्याजवळच्या संख्येने भागले की असे आकडे निघतात. ज्या पिक्सेलचा कुठलाही बँड 7,273 च्या खाली आहे ते वगळा आणि नकाशाचा रंगपट −0.2 ते 0.9 असा हाताने ठरवा. वगळलेले पिक्सेल मात्र हरवू देऊ नका, त्यांतील बहुतेक पाणीच आहे. एनडीव्हीआय हे पाणी मोजायचे साधन नव्हे, ते वेगळे काढलेले बरे. ढग आणि त्यांच्या सावल्या `QA_PIXEL` या थरावरून गाळल्या आहेत ना?

रेखावृत्त

ढग गाळले होते. आता हे पिक्सेल वेगळे काढून पाण्यात धरले आणि नकाशा दिसू लागला. 2014 साली पाणी 2,600, उघडी जमीन 22,100, शेती 67,200, जंगल 28,100. 2024 साली पाणी 2,900, उघडी जमीन 35,500, शेती 55,700, जंगल 25,900. हे पटण्याजोगे वाटते. उघडी जमीन 13,400 हेक्टरांनी वाढली, म्हणजे शहर वाढले असे लिहू का?

नांगरट

मी शेतीखात्यात पीक पाहणीचे काम करते. उपग्रहाचे गणित मला फारसे कळत नाही, पण 13,400 हेक्टर म्हणजे 134 चौरस किलोमीटर. मध्यम आकाराचे एखादे शहर आपल्या परिसरात दहा वर्षांत नव्याने उगवले आहे का? तसे नसेल तर एवढेच विचारते, की दोन्ही प्रतिमा कोणत्या दिवसांच्या आहेत आणि त्या दिवशी शेतांत काय उभे होते?

रेखावृत्त

2014 ची ऑक्टोबरअखेरची आहे आणि 2024 ची डिसेंबरच्या मध्याची. मधल्या काळातल्या प्रतिमांवर ढग होते म्हणून ही घेतली. आपला रोख कळला.

नांगरट

मग ती बरीचशी कापणी झालेली शेते असणार. कापलेल्या शेतात तण आणि खुंट वाळलेले असतात आणि मधली माती उघडी असते. वरून पाहणाऱ्याला ते आणि मुरूम टाकलेला भूखंड यांत काय फरक दिसणार? आमच्याकडे पाहणीत ‘जमीन काय आहे’ आणि ‘आज तिच्यावर काय आहे’ असे दोन वेगळे रकाने असतात. आपल्या नकाशात फक्त दुसरा रकाना भरला गेला आहे.

गुणोत्तर

मग एकाच महिन्याच्या प्रतिमा घेतल्या की प्रश्न मिटेल.

सावलीतला पिक्सेल

कमी होईल, मिटणार नाही. एका वर्षी पाऊस लांबला की तोच महिना पिकाच्या दृष्टीने तीन आठवडे मागे असतो. पडीक ठेवलेले शेत तर कुठल्याही महिन्यात उघडेच दिसेल. नांगरट यांनी दोन रकान्यांचे जे म्हटले तेच या प्रात्यक्षिकाचे मर्म आहे. एका दिवसाच्या हिरवाईवरून उपयोजन सांगता येत नाही, वर्षभर ती हिरवाई कशी चढते आणि उतरते त्यावरून बरेचसे सांगता येते.

म्हणून एक प्रतिमा न घेता वर्षातल्या सगळ्या ढगविरहित प्रतिमा घ्या आणि प्रत्येक पिक्सेलसाठी दोन आकडे काढा: वर्षातला सर्वांत वरचा एनडीव्हीआय आणि सर्वांत खालचा. सदाहरित जंगलाचे दोन्ही आकडे चढे असतात. शेताचा वरचा आकडा चढा असतो आणि खालचा पार उतरलेला, कारण कधीतरी पीक उभे असते आणि कधीतरी कापलेले. डांबर, काँक्रीट आणि खडक यांचा वरचा आकडादेखील फारसा चढत नाही. पडीक ठेवलेल्या शेतासाठी एका वर्षावर विसंबू नका, तीन वर्षे एकत्र घ्या. 2014 ते 2016 हा पहिला काळ आणि 2022 ते 2024 हा दुसरा. तीन वर्षांत एकदाही जिथे 0.3 च्या वर हिरवाई गेली नाही, ती जमीन शेती म्हणून वापरात असण्याची शक्यता कमी.

यात एक खोच आहे. पहिल्या काळात या पिढीचा फक्त लँडसॅट 8 होता, तो दर 16 दिवसांनी त्याच जागेवरून जातो. लँडसॅट 9 सप्टेंबर 2021 मध्ये सोडला गेला, म्हणून दुसऱ्या काळात प्रतिमा जवळजवळ दुप्पट मिळतात. जास्त वेळा पाहिले की शिखर सापडण्याची संधीही वाढते. त्यामुळे काहीही बदलले नसले तरी दुसऱ्या काळातला कमाल आकडा थोडा वरच येतो आणि खरा ऱ्हास त्याखाली झाकला जातो. एकतर दोन्ही काळांत लँडसॅट 8 च वापरा, नाहीतर कमाल आकड्याऐवजी मूल्ये चढत्या क्रमाने लावून नव्वदाव्या शतमकावरचे घ्या. मी पहिला मार्ग पसंत करतो. शतमकाने फरक कमी होतो, जात नाही.

टेकडीपलीकडे

पानगळीच्या जंगलाचे काय? आमच्या भागात उन्हाळ्यात झाडे निष्पर्ण होतात. त्यांचा खालचा आकडा शेताइतकाच उतरतो, मग या रीतीने ते जंगल शेतात जाऊन बसेल.

सावलीतला पिक्सेल

बसेलच. तिथे उतरण्याचा वेग आणि वेळ पाहावी लागते. पीक काही दिवसांत कापले जाते आणि आलेख कड्यासारखा कोसळतो, पानगळ आठवडेच्या आठवडे चालते. पण 16 दिवसांच्या अंतराने, त्यातही मधल्या प्रतिमा ढगांत गेल्यावर, हा उतार नीट वाचता येईलच असे नाही. फळबागांचा प्रश्न याहून अवघड आहे. जुनी दाट बाग आणि झाडी यांत केवळ एनडीव्हीआयवरून फरक करणे मला तरी जमलेले नाही.

नांगरट

बागा रांगांत असतात, डोळ्यांना लगेच ओळखू येतात. 30 मीटरच्या चौकोनात मात्र त्या रांगा दिसायच्या नाहीत.

रेखावृत्त

फक्त लँडसॅट 8 घेऊन दोन्ही काळांचे कमाल आणि किमान थर केले. आठवडा गेला, पण चित्र बरेच निवळले. पहिल्या काळात शेती आणि दुसऱ्या काळात तीन वर्षे सतत उघडी, अशी जमीन आता 4,100 हेक्टर निघते. आधीच्या 13,400 च्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. जंगल आणि बागा मी एकाच वर्गात ठेवल्या आहेत आणि तसे स्पष्ट लिहिले आहे.

या 4,100 हेक्टरांत 60 बिंदू यादृच्छिक टाकून ते जुन्या आणि नव्या, जास्त बारकाव्याच्या प्रतिमांवर एकेक करून पाहिले. 39 ठिकाणी खरोखर इमारती, रस्ते किंवा भूखंड होते. 9 ठिकाणी दगडखाण किंवा विटांसाठी माती काढलेली जागा होती. उरलेल्या 12 ठिकाणी शेतच होते, बहुतेक जलाशयाच्या काठाचे, पाणी चढले की बुडणारे. म्हणजे बांधकामाकडे गेलेले क्षेत्र 4,100 चे 65 टक्के, साधारण 2,665 हेक्टर, असे लिहिले तर चालेल का?

गुणोत्तर

चालेल असे वाटते. अचूकता 65 टक्के, क्षेत्र त्या पटीत.

सावलीतला पिक्सेल

अर्धाच हिशेब झाला. नकाशाने बदल म्हटले आणि तो नव्हता, अशा चुका आपण वजा केल्या. नकाशाने बदल नाही म्हटले आणि तो होता, या चुका अजून मोजलेल्याच नाहीत. शहराच्या कडेला झाडांसकट बंगले उभे राहिले की 30 मीटरच्या पिक्सेलमध्ये अर्धे छप्पर आणि अर्धी झाडी येते, निर्देशांक 0.4 राहतो आणि नकाशा त्याला शेतीच म्हणतो. उरलेल्या 1,15,900 हेक्टरांतही बिंदू टाका.

रेखावृत्त

तिथे 100 बिंदू टाकले. 98 ठिकाणी बांधकामाकडे काहीही गेलेले नाही. 2 ठिकाणी गेले आहे, आणि ते दोन्ही आपण म्हणता तसे झाडीतले बंगले. दोनच चुका आहेत, तेव्हा दुर्लक्ष करावे का?

सावलीतला पिक्सेल

त्या दोन चुका केवढ्या जमिनीच्या वतीने बोलत आहेत ते पाहा. 1,15,900 चे 2 टक्के म्हणजे 2,318 हेक्टर. नकाशातून मिळालेल्या 2,665 मध्ये हे मिळवले की अंदाज 4,983 वर जातो. आणि 100 पैकी 2 हा आकडा फार डळमळीत आहे. त्याची प्रमाण त्रुटी सुमारे 1.4 टक्के, म्हणजे 1,630 हेक्टर. पहिल्या 60 बिंदूंची त्रुटी त्यापुढे किरकोळ, 255 हेक्टर. दोन्ही मिळून 95 टक्के विश्वासाने उत्तर साधारण 5,000 हेक्टर, अधिक-उणे 3,200 असे लिहावे लागेल.

गुणोत्तर

एवढी मोठी त्रुटी असलेले उत्तर परीक्षकापुढे कसे ठेवायचे? त्यापेक्षा 4,100 हा स्वच्छ आकडा बरा दिसतो.

सावलीतला पिक्सेल

बरा दिसतो, हे खरे. मी परीक्षक असतो तर 4,100 वाल्याला पहिला प्रश्न हाच विचारला असता की न सापडलेला बदल किती. त्रुटी कमी करायची तर बिंदू वाढवा, पण 60 च्या बाजूला नव्हे. दुसऱ्या बाजूला 100 च्या जागी 400 केले आणि प्रमाण तेच राहिले तर अधिक-उणे जवळजवळ निम्म्यावर येईल. त्याहून शहाणपणाचे म्हणजे जुन्या वस्तीभोवती आणि रस्त्यांच्या कडेने एक पट्टा आखून तो वेगळा स्तर धरावा आणि जास्त बिंदू तिथे टाकावेत. झाडीतले बंगले डोंगरमाथ्यावर नव्हे, तिथेच सापडतील.

नांगरट

पट्टा किती रुंद घ्यायचा हे कशावरून ठरवणार? आमच्याकडे भूखंड पाडण्याचे काम रस्त्यापासून बरेच आत जाते. पट्टा अरुंद घेतला तर ते पुन्हा बाहेरच राहील.

सावलीतला पिक्सेल

बाहेर राहिले तरी बाहेरच्या स्तराचे बिंदू ते पकडतील, फक्त त्रुटी थोडी वाढेल. म्हणून रुंदीबद्दल फार डोकेफोड करू नये. पण बिंदू पाहण्यापूर्वी ती ठरवावी आणि मग बदलू नये.

रेखावृत्त

500 मीटर ठरवले आणि सूचनापत्रकाच्या मागच्या पानावर तारखेसह लिहून ठेवले. 300 बिंदू पट्ट्यात, 100 बाहेर. विभागाच्या संगणकावरची जुनी फाइल काढून टाकायची परवानगी नाही, म्हणून तिच्या फोल्डरमध्ये ‘कलेक्शन 1 आहे, नव्यासोबत वापरू नये’ अशी एक मजकूर फाइल ठेवून आले. बागांचा प्रश्न तसाच आहे. कोणी रडारच्या प्रतिमांवरून बाग आणि जंगल वेगळे केले असेल तर जरूर लिहावे.